कॅड म्हणजे काय ते वीस मिनिटांत सांगायचंय? एक तुटलेला नॉब घेऊन जा

पहिल्या वर्षाच्या पोरांसमोर कॅडवर बोलायची वेळ आली की बहुतेक जण एकच करतात, विमान, कार, पूल असे चकाचक फोटो स्लाइडवर टाकतात आणि "हे सगळं कॅडमध्ये बनतं बरं का" म्हणून मोकळे होतात. मीपण पहिल्यांदा तेच केलं होतं. पोरं शांत बसून बघत होती, मला वाटलं वा, काय रंगलंय, आणि शेवटी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, म्हणजे हे पेंटसारखंच ना, फक्त थ्रीडी?" झालं, अर्धा तास पाण्यात.

चूक त्याची नव्हती. फोटो दाखवले की कॅड म्हणजे चित्र काढायचं सॉफ्टवेअर असंच वाटणार. खरी गोष्ट फोटोत दिसतच नाही, ती ही की कॅडमध्ये तुम्ही आकार काढत नाही, आकार कशावरून ठरतो ते लिहून ठेवता. हे भोक अमुक व्यासाचं, का तर दांडी तेवढी आहे म्हणून. ही खाच काठावरच, काठ हलला तर खाचही हलली पाहिजे. हे सांगून कळत नाही, एक आकडा बदलून समोर दाखवावं लागतं. म्हणून आता मी स्लाइड नेतच नाही, एक तुटलेला नॉब नेतो. आवाज कमीजास्त करायला जो गोल फिरवायचा असतो ना, तो. खाली सगळं जसं मी करतो तसं लिहिलंय, तुम्हाला असं टॉक द्यायचं असेल तर आकडे जसेच्या तसे वापरा, आणि तुम्ही स्वतःच पहिल्या वर्षाला असाल तर टॉकबिक सोडा, नॉब बनवून बघा.

सोबत काय न्यायचं

जुना ॲम्प्लिफायर नाहीतर स्पीकरमधून निघालेला एक पोटेन्शिओमीटर घ्या, म्हणजे ज्याच्या दांडीवर नॉब बसतो तो भाग, ज्याची दांडी इंग्रजी डी अक्षरासारखी असते, म्हणजे गोल पण एका बाजूने सपाट तासलेली. दात असलेली दांडी नको, तिचं मोजमाप पहिल्या दिवशी झेपत नाही. व्हर्निअर कॅलिपर, डिजिटल असेल तर उत्तम. एक साधी पट्टी. फ्रीकॅड टाकलेला लॅपटॉप, हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लायसन्सची भानगड नाही, त्यामुळे पोरं घरी जाऊन तेच करू शकतात. आणि आधीच प्रिंट करून ठेवलेले तीन तुकडे, ते कोणते ते पुढे सांगतो.

थ्रीडी प्रिंटर वर्गात नेऊन तिथेच नॉब छापून दाखवायचा मोह होतो, नका करू. एवढासा नॉब छापायलाही अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, आणि प्रिंटर चालू झाला की पोरांचं लक्ष तुमच्याकडे राहतच नाही, सगळे त्या हलणाऱ्या नोझलकडे बघत बसतात.

पहिली काही मिनिटं: मोजणं

बोलायला सुरुवात करताना व्याख्या नको. दांडी एकाच्या हातात द्या, पट्टी द्या, म्हणा व्यास सांग. तो सहा मिलिमीटर म्हणेल. मग कॅलिपर दुसऱ्याला द्या आणि तीन वेळा, थोडं फिरवून फिरवून मोजायला लावा. माझ्याकडच्या दांडीला 5.97, 5.98, 5.97 असं येतं, म्हणजे ती 6 मिमीचीच आहे आणि बनवताना थोडी बारीक निघालीय. आता सांगा की बाजारात अशीच दिसणारी पाव इंची दांडीपण असते, ती 6.35 मिमीची. पट्टीने दोन्ही सहाच दिसतात, आणि 6 साठी केलेला नॉब 6.35 वर जात नाही, जोर लावला तर तडकतो. कॅडमधली निम्मी कामं स्क्रीनसमोर बसायच्या आधीच बिघडतात ती अशी.

आणखी तीन मापं घ्यायची. सपाट बाजूपासून समोरच्या गोल बाजूपर्यंत किती, माझ्याकडे 4.5 मिमी. पॅनेलवर जो नट असतो त्याच्या वर दांडी किती निघालीय, 12 मिमी. आणि तिसरं माप, जे सगळे विसरतात, सपाट भाग टोकापासून खाली किती लांब आहे. माझ्या दांडीत तो फक्त 7 मिमी आहे, त्याखाली दांडी पूर्ण गोल.

हे तिसरं माप मीही विसरलो होतो. पहिला नॉब केला तेव्हा आतलं भोक वरपासून खालपर्यंत डी आकाराचं ठेवलं, स्क्रीनवर सुंदर दिसत होता. बसवायला गेलो तर नॉब अर्ध्यात अडकला, नटाच्या वर 1 मिमी राहायचा तो 5 मिमी वर राहिला. मला वाटलं भोक घट्ट झालं, म्हणून कानस घेऊन घासत बसलो, तरी जाईना. खरं कारण हे की डी भोकाचा सपाट काठ दांडीच्या गोल भागाच्या खांद्यावर टेकत होता, तिथून पुढे जायला जागाच नव्हती. ओळखायची खूण सोपी आहे, घट्टपणामुळे अडकलं तर जोर लावल्यावर थोडं थोडं सरकतं, पण खांद्यावर टेकलं तर एका ठिकाणी टक्कन थांबतं आणि दर वेळी तिथेच. हा किस्सा वर्गात सांगा, कारण पोरांना वाटतं कॅडवाल्याचं काम म्हणजे माऊस चालवणं, आणि इथे चूक माऊसची नव्हती, न घेतलेल्या मापाची होती.

आकडे आधी, आकार नंतर

आता लॅपटॉप. फ्रीकॅड उघडल्यावर सरळ चित्र काढायला जायचं नाही, आधी `Spreadsheet` वर्कबेंचमध्ये जाऊन एक शीट करायची, आणि त्यात मापं लिहायची. प्रत्येक सेलला राइट क्लिक करून `Properties` मधे `Alias` देता येतो, म्हणजे त्या आकड्याला नाव. माझी शीट एवढीच असते:

```
shaft_d   =6mm
flat_d    =4.5mm
gap       =0.15mm
knob_d    =20mm
knob_h    =15mm
```

पहिले दोन मोजलेले, शेवटचे दोन मी ठरवलेले, बोटात धरायला 20 मिमी बरा वाटतो. मधला `gap` काय ते विचारतीलच. 6 मिमीची दांडी 6 मिमीच्या भोकात जात नाही, कागदावर जाते पण हातात नाही. त्यात प्रिंटर प्लास्टिक वितळवून ओततो, ते थोडं पसरतं आणि भोक काढलं त्यापेक्षा लहानच निघतं. म्हणून सगळ्या बाजूंनी 0.15 मिमी जागा सोडायची, म्हणजे भोकाचा व्यास 6.3. हा 0.15 काही देवाने दिलेला आकडा नाही, तो प्रिंटरप्रमाणे बदलतो, म्हणूनच त्याला वेगळा सेल दिलाय.

मग `Part Design` वर्कबेंच, `Create body`, आणि `XY` प्लेनवर पहिलं स्केच. एक वर्तुळ काढायचं, त्याचा मध्य मूळबिंदूवर बसवायचा, आणि व्यासाच्या डब्यात आकडा न टाकता निळ्या `f(x)` वर क्लिक करून लिहायचं `Spreadsheet.knob_d`. इथे दोन सेकंद थांबा आणि पोरांना रंग बघायला सांगा. सगळी मापं आणि अटी पुऱ्या झाल्या की स्केच हिरवं होतं, म्हणजे आता त्यातलं काहीच इकडेतिकडे ओढता येत नाही. हिरवं झालं नसेल तर काहीतरी अजून मोकळं आहे, माऊसने ओढून बघायचं, जे हलेल ते मोकळं. सुरुवातीला सगळ्यांना याचा कंटाळा येतो, दिसतंय ना बरोबर मग कशाला अजून अटी घालायच्या, पण मोकळं राहिलेलं स्केच पुढे कुठला तरी आकडा बदलला की कुठेही पळतं.

ही अटी घालायची कल्पना नवीन नाहीये, 1963 साली एमआयटीमध्ये इव्हान सदरलँडने स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला होता, स्क्रीनवर लाइट पेनने रेघा काढायच्या आणि कॉम्प्युटरला सांगायचं की या दोन समांतर ठेव, या सारख्या लांबीच्या ठेव, आणि तो ठेवायचा. म्हणजे थ्रीडी रंगीत चित्रं यायच्या कितीतरी आधी अटी आल्या. पेंटसारखंच ना विचारणाऱ्याला आता मी एवढंच सांगतो.

स्केच बंद करून `Pad`, लांबी `Spreadsheet.knob_h`. झाला एक 15 मिमी उंच ठोकळा. इथे पोरं जरा सरसावून बसतात, कारण सपाटाचं घन झालं.

भोक, आणि तिथली गंमत

आता डी भोक. परत `XY` प्लेनवरच नवीन स्केच. एक कंस काढायचा, त्याचा मध्य मूळबिंदूवर, मग त्याची दोन्ही टोकं एका रेघेने जोडायची, रेघ आडवी करायची. व्यास:

```
Spreadsheet.shaft_d + 2 * Spreadsheet.gap
```

आणि मध्यापासून त्या सपाट रेघेचं अंतर:

```
Spreadsheet.flat_d - Spreadsheet.shaft_d / 2 + Spreadsheet.gap
```

हे दुसरं फळ्यावर करून दाखवा, नाहीतर कुणालाच कळत नाही आणि सगळे मान डोलावतात. सपाटापासून समोरच्या काठापर्यंत 4.5, त्यातली मध्यापलीकडची 3 ही त्रिज्या गेली, उरले 1.5, म्हणजे दांडीच्या मध्यापासून सपाट बाजू 1.5 वर आहे. त्यात 0.15 मोकळीक, 1.65. स्केचमध्ये 1.65 दिसलं पाहिजे, दिसलं नाही तर फॉर्म्युल्यात कुठेतरी गडबड.

मग `Pocket`, खोली 11 मिमी. दांडी 12 वर निघालीय, नॉब नटाच्या 1 मिमी वर राहावा म्हणून 11. इथे पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण अडकतो, पॉकेट दिलं आणि काहीच कापलं गेलं नाही, एरर आली किंवा ठोकळा होता तसाच. कारण ठोकळा प्लेनच्या वर आहे आणि पॉकेट डिफॉल्टने खाली कापतं, हवेत. `Reversed` ची टिक मारली की झालं. मी हे वर्गात मुद्दाम चुकवून दाखवतो, कारण घरी गेल्यावर त्यांचं हे होणारच आहे आणि तेव्हा सांगायला आपण तिथे नसतो.

त्यानंतर खांद्याचा प्रश्न. खालून 4.5 मिमी खोलीपर्यंत भोक पूर्ण गोल पाहिजे, 6.3 व्यासाचं, त्याच्या वरचं 6.5 मिमी डी. आणखी एक गोल स्केच, आणखी एक `Pocket`, खोली 4.5, परत `Reversed`. हिशेब असा, नॉबचा तळ नटापासून 1 वर, त्यात 4.5, म्हणजे डी भाग नटापासून 5.5 वर सुरू होतो, आणि दांडीचा सपाट भाग 12 वजा 7 म्हणजे 5 वर सुरू होतो. अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, टेकणार नाही. व्ह्यूमध्ये `Clipping plane` लावून नॉब मधोमध कापून दाखवा, आतली पायरी दिसते. खरा नॉब करवतीने कापल्याशिवाय हे बघता येत नाही, इथे दोन क्लिकमध्ये.

वरच्या काठाला `Fillet`, 2 मिमी, बोटाला टोचू नये म्हणून. मग एका बाजूला वरच्या पृष्ठभागावर दीड मिमी रुंद आणि 1 मिमी खोल खाच, नॉब कुठे वळलाय ते कळायला. ही खाच सपाट बाजूच्या हिशेबाने बरोबर दिशेला हवी, तुटलेल्या जुन्या नॉबवरून बघून घ्या, नाहीतर आवाज पूर्ण बंद आणि खाच दाखवतेय पूर्ण चालू.

टॉकचा खरा भाग: आकडा बदलणं

पकड यायला काठाला उभ्या खाचा पाहिजेत. एकच खाच काढायची, काठावर 1 मिमी त्रिज्येचं वर्तुळ, `Pocket`, `Through all`, `Reversed`, आणि मग `PolarPattern` ने तिच्या 18 प्रती, उभ्या अक्षाभोवती. 20 मिमी व्यासाचा परीघ साधारण 63 मिमी, 18 ने भागला की साडेतीन मिमीला एक खाच, त्यात 2 मिमी खाच आणि दीड मिमी भिंत, बोटाला छान लागतं. फिलेट या खाचांच्या आधी मारायची. एरवी फिलेट सगळ्यात शेवटी ठेवा असं सांगतात आणि बहुतेकदा तेच बरोबर, पण इथे खाचांनंतर काठाचे अठरा तुकडे होतात आणि त्या सगळ्यांवर फिलेट मारायला गेलं की सॉफ्टवेअर हात वर करतं.

तर ही खाच मी वर्गात मुद्दाम आळशीपणाने काढतो. मध्यापासूनचं अंतर फॉर्म्युल्याने न देता सरळ 10 टाइप करतो. 20 चा नॉब, त्रिज्या 10, बरोबरच तर आहे. सगळं नीट दिसतं. मग विचारतो, समजा कुणी म्हणालं नॉब लहान वाटतोय, 24 चा कर, तर काय करायचं? "सर, परत काढायचा." नाही. शीट उघडून `knob_d` मध्ये 24 लिहायचं, एंटर.

नॉब मोठा होतो, आणि खाचा जागच्या जागी राहतात. काठावर असायच्या त्या अठरा खाचा आता नॉबच्या अंगात अठरा आरपार भोकं झालेल्या असतात, पिस्तुलाच्या चक्रासारखं काहीतरी दिसतं. वर्ग हसतो. हसू द्या. मग विचारा असं का झालं, आणि उत्तर द्यायची घाई करू नका, कुणीतरी सांगतंच की तुम्ही 10 लिहिलं होतं. बरोबर. मी कॉम्प्युटरला सांगितलं खाच 10 वर आहे, खाच काठावर आहे असं सांगितलंच नाही. त्या वेळी दोन्हीचा अर्थ एकच होता म्हणून फरक दिसला नाही.

आता त्या स्केचमध्ये जाऊन 10 काढायचा आणि लिहायचं `Spreadsheet.knob_d / 2`. खाचा उडी मारून काठावर येतात. परत 20 करा, 30 करा, दोनचार वेळा करा, पोरांनाच आकडे सांगू द्या. 30 ला खाचा विरळ वाटतात, कारण प्रती 18 च आहेत, ती संख्यापण शीटमधून देता येते, पण ते त्यांना घरी करू द्या. माझ्या अनुभवात वीस मिनिटांतलं हे एवढंच पोरांच्या लक्षात राहतं, त्यामुळे वेळ कमी पडला तर फिलेट गाळा, वरची खाच गाळा, हे गाळू नका.

त्याच्या लगेच पाठोपाठ `shaft_d` 6 चं 6.35 करा. डी भोक मोठं होतं, गोल भोकही मोठं होतं, पाव इंची दांडीचा नॉब तयार होत आला, तिचं सपाट माप मोजून `flat_d` मध्ये टाकलं की संपलं. गोल भोक मोठं झालं नाही तर तिथेही कुठेतरी आकडा थेट टाइप केलाय, शोधा. मला स्वतःला एकदा वर्गासमोरच हे सापडलं होतं, लपवायला जाऊ नका, उलट तेच दाखवा.

हातात द्यायचे तीन तुकडे

आधी करून आणायचे म्हटलेले तुकडे म्हणजे पूर्ण नॉब नाही, फक्त 5 मिमी उंच रिंगा, आत डी भोक. याच फाइलची कॉपी करून, उंची 5, `gap` एकदा 0.1, एकदा 0.15, एकदा 0.2. खालचं गोल पॉकेट बंद ठेवायचं, नाहीतर रिंगेत डी भाग जेमतेम अर्धा मिमी उरतो. प्रत्येकी काही मिनिटांत छापून होतात. रिंगेवर मार्करने आकडा लिहा, दांडीसोबत वर्गात फिरवा आणि विचारा कुठली बसते. माझ्या प्रिंटरवर 0.1 वाली जातच नाही, 0.15 वाली दाबून बसते, 0.2 वाली बसते पण थोडी डुलते. तुमच्याकडे वेगळं येईल. नॉबला दाबून बसणारी हवी, खाली घसरणाऱ्या झाकणाला डुलणारी चालते.

पूर्ण नॉब छापून मग कळलं की बसत नाही, असं करण्यापेक्षा फक्त जो भाग दुसऱ्या वस्तूला भिडतो तेवढाच आधी छापायचा, ही सवय मला खूप उशिरा लागली.

छापताना नॉब भोक खाली करून ठेवतो. आतल्या भोकाचं छत 6 मिमीच आहे, तेवढं अंतर प्रिंटर हवेत ओढून नेतो, सपोर्ट लागत नाही. उलटा ठेवला तर गोल केलेला काठ बेडवर येतो आणि पहिले थर खडबडीत निघतात. 0.4 ची नोझल, 0.2 चा थर, पीएलए प्लास्टिक, यापेक्षा काही खास सेटिंग नाही.

हीच फाइल अजून कुठे जाते

"कॅड कशासाठी वापरतात" याचं उत्तर मी इथे देतो, नॉब हातात असताना, कारण आता प्रत्येक वाटेला काहीतरी पकडायला आहे.

प्रिंटरला द्यायचं तर एसटीएल फाइल काढायची. एसटीएलमध्ये फक्त त्रिकोण असतात, आपलं गोल भोक तिथे बारीक कडांचा बहुभुज होतो, आणि शीट, फॉर्म्युले, व्यास, काहीच उरत नाही. एककही लिहिलेलं नसतं, नुसते आकडे. स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नॉब मुंगीएवढा दिसला तर कुणीतरी मिमी आणि इंच यांची गल्लत केलीय, 25.4 पट मोठा करून बघा. म्हणून मित्राला बदल करायला एसटीएल पाठवू नका, त्याला `FCStd` फाइल द्या, त्यात सगळा इतिहास असतो. समोरच्याकडे दुसरं सॉफ्टवेअर असेल तर स्टेप फाइल, तिच्यात गोल हे गोलच राहतं, पण फॉर्म्युले तिथेही जात नाहीत.

तोच नॉब ॲल्युमिनियमचा हवा असेल तर स्टेप फाइल आणि सोबत एक ड्रॉइंग वर्कशॉपला जातं. ड्रॉइंग कशाला, मॉडेल आहे ना, असं विचारतात. मॉडेल सांगतं भोक 6.3 आहे, पण 6.25 चाललं असतं का, 6.4 चाललं असतं का, हे मॉडेलकडे बघून कळत नाही, ते ड्रॉइंगवर टॉलरन्स म्हणून लिहावं लागतं. शिवाय लेथवर धातूत डी भोक करणं त्रासाचं आहे, म्हणून धातूच्या नॉबला साधं गोल भोक ठेवून बाजूने ग्रब स्क्रू, म्हणजे दांडीवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू, देतात. म्हणजे काम तेच, पण बनवायची पद्धत बदलली की आकार बदलतो, हे विद्यार्थ्यांना ऐकून आश्चर्य वाटतं.

पोटेन्शिओमीटर बसवायचं पॅनेल ॲक्रिलिकमधून लेझरने कापायचं असेल तर त्याचं सपाट स्केच डीएक्सएफ म्हणून जातं. लेझर स्वतःच्या जाडीएवढं मटेरियल जाळतो, त्यामुळे तिथे भोक काढलं त्यापेक्षा थोडं मोठं निघतं, प्रिंटरच्या बरोबर उलट. सिव्हिलवाल्यांची इमारत, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा सर्किट बोर्ड, त्यांची सॉफ्टवेअर वेगळी, त्यात मी खोलात जात नाही, एवढंच सांगतो की आकड्याला नाव द्यायचं आणि अटी घालायच्या हे तिथेही भेटणार.

काय करता येईल, काय नको

पहिल्या महिन्यात जमण्यासारख्या वस्तू म्हणजे ज्यांचा एकच भाग दुसऱ्या कशाला तरी भिडतो. नॉब, टेबलाच्या काठाला अडकणारी केबल क्लिप, खुर्चीच्या पायाची टोपी, सर्किट बोर्ड ठेवायची डबी. दोन भाग एकमेकांवर सरकणारे किंवा फिरणारे असतील, गिअर असतील, तर ते दुसऱ्या सत्रात. चेहरा, पुतळा, प्राणी असलं काही करायचं असेल तर हे सॉफ्टवेअर त्यासाठी नाही, तिथे मातीसारखं दाबून घडवायची वेगळी सॉफ्टवेअर असतात, उगाच स्केचमध्ये नाक बसवत बसू नका.

आणि एक ताकीद मी न चुकता देतो. शेगडीचा नॉब तुटला म्हणून पीएलएचा करू नका, पीएलए साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, शेगडीजवळ तो वाकडा होऊन अडकला तर गॅस बंद करता येणार नाही. तसंच घरच्या विजेवर चालणाऱ्या उपकरणात जिथे प्लास्टिक हेच तुमच्या आणि करंटच्या मध्ये असतं, तिथे स्वतः छापलेला भाग बसवायचा नाही. कॅडमध्ये दोन्ही नॉब अगदी सारखे दिसतात, मटेरियल तापल्यावर काय करेल हे मॉडेल स्वतःहून सांगत नाही.

लॅपटॉप कुठला लागेल हा प्रश्न येतोच. नॉबएवढ्या मॉडेलला साधा चालतो, पण माऊस मात्र वेगळा घ्या, तीन बटणांचा, मधल्या चाकाचा. टचपॅडवर मॉडेल फिरवता फिरवता पोरं वैतागतात आणि कॅडच अवघड आहे म्हणतात.

शेवटी मी घरी करायला एकच काम देतो, आपल्या आसपासची कुठलीही एक दांडी किंवा पाइप मोजून त्यावर बसणारी टोपी करायची आणि मॉडेलची फाइल मला द्यायची, फोटो नको. फाइल आली की मी टोपी छान दिसते का बघत नाही, शीट उघडतो, व्यासात 3 मिमी वाढवतो आणि एंटर मारतो. टोपी टोपीच राहिली तर पास, अठरा भोकं पडली तर परत.